रक्तदाबाची रोजकीर्द

आपल्या शरीराविषयीची माहिती वाढली म्हणजे त्याविषयीचे भय ओसरते, ही समजूत सुशिक्षित मनाला इतकी स्वाभाविक वाटते की तिची कधी तपासणी करावी असे सहसा कोणाला सुचत नाही. रक्तदाब मोजण्याचे घरगुती यंत्र आता तालुक्याच्या गावी औषधांच्या दुकानात सहज मिळते, आणि ते घरी आणणाऱ्या पुष्कळांच्या बाबतीत ही समजूत खरीही ठरते. परंतु काहींच्या बाबतीत माहिती आणि भय ही दोन्ही एकाच वेळी वाढत जातात, आणि मग भय घालवण्यासाठी आणलेली वस्तूच त्याचे कारण होऊन बसते. हे कसे घडते ते नीट उलगडावे म्हणून एका दुकानदाराची गोष्ट सांगतो. माणूस कल्पित आहे, पण त्याची अवस्था कल्पित नाही. तसे रोगी डॉक्टरांच्या नित्य परिचयाचे आहेत.

यवतमाळहून दारव्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, अडाण नदीच्या काठी वसलेल्या बोरी अरब या गावात त्याचे किराणा दुकान आहे, असे समजा. वय छप्पन्न. गिऱ्हाईक बहुतेक आसपासच्या खेड्यांतील कास्तकार; मृगाच्या सुमारास उधारी सुरू होते आणि कापूस-सोयाबीन विकले जाईपर्यंत वहीत तिची भर पडत राहते. थोरल्या भावाला दोन वर्षांपूर्वी लकवा मारला, तेव्हापासून मनात एक धास्ती आहे. अशात गावात आरोग्य-तपासणीचे शिबिर भरते, आणि गर्दीत, दंडावरची बाही वर सरकवून, उभ्याउभ्याच म्हणावे अशा घाईने घेतलेले माप १४८/९२ निघते. पुण्याला नोकरी करणारी मुलगी ते ऐकते आणि आठवड्याच्या आत कुरिअरने यंत्र पाठवते. तिच्या मायेत काहीच उणे नाही. उणे राहिले ते इतकेच की यंत्राच्या खोक्यात यंत्र केव्हा वापरू नये हे ठळकपणे सांगणारा कागद नव्हता.

पहिल्या आठवड्यात तो सकाळी एकदा, रात्री एकदा मोजतो. पुढे गल्ल्याशेजारी यंत्र ठेवणे सोईचे वाटते. एखादा आकडा थोडा वर दिसला की खात्री करण्यासाठी लगेच दुसऱ्यांदा पट्टा गुंडाळायचा. दुसरा आकडा अधिक आला तर तिसऱ्यांदा. आणि तिसरा खाली आला तर खरा कोणता हे ठरवण्यासाठी चौथ्यांदा. दोन महिन्यांत ही संख्या दिवसाला पंधरावर जाते. "आता किती वेळ पायता जी ते मशीन?" असे बायको विचारते, आणि तो तिच्याशी न बोलता आकडे कॅलेंडरच्या पाठीमागे लिहीत राहतो. एका दुपारी साखरेचे पोते आत ओढून, त्यावर एका जुन्या येणेकऱ्याशी बोलाचाली होऊन तो गादीवर बसतो आणि हात आपसूक यंत्राकडे जातो. १५८/९६. पुन्हा १६४. पुन्हा १७१. मान जड झाली, कानात गुंगुं होऊ लागले, छातीत धडधड. गाडी करून यवतमाळ. तेथे हृदयाचा आलेख निर्दोष निघतो, रात्रभर ठेवून घेतात, आणि सकाळी सात वाजता परिचारिका मोजते तेव्हा रक्तदाब १३४/८४ असतो.

एका रात्रीत न औषध दिले, न पथ्य झाले. मग १७१ खोटे होते काय? तसे नाही. त्या क्षणी त्याच्या धमन्यांतील दाब बहुधा खरोखरच बराच वर गेला होता. रक्तदाब हा उंचीसारखा शरीराचा स्थिर गुण नाही. तो हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक बदलतो. ऑक्सफर्ड येथे बेव्हन, ऑनर आणि स्टॉट या संशोधकांनी १९६९ साली हिंडत्या-फिरत्या माणसांच्या धमनीत बारीक नळी ठेवून अहोरात्र नोंद घेतली, तेव्हा एकाच माणसाचा दाब एकाच दिवसात झोपेत किती खाली आणि क्षोभात किती वर जातो हे पाहून वैद्यकाला आपली कल्पना बदलावी लागली. ओझे उचलणे, भांडणे, तुंबलेली लघवी, नुकताच घेतलेला चहा, तंबाखूची चिमूट, इतकेच काय पण माप घेतले जात असता चाललेले बोलणे, यांपैकी प्रत्येक गोष्ट आकडा वर नेते. निरोगी माणसालाही त्या दुपारी चढलेला आकडा आला असता. फक्त त्याने तो पाहिला नसता.

आणि पाहणे हेच येथे निर्णायक आहे. पट्टा आवळू लागला की आपला माणूस श्वास रोखून पडद्याकडे बघतो. अपेक्षेच्या त्या अर्ध्या मिनिटात शरीर संकटाला तोंड देण्याच्या तयारीला लागते: ॲड्रिनॅलिन स्रवते, हृदय वेगाने व जोराने आकुंचन पावते, बारीक रोहिणी आखडतात. आकडा वाढतो, वाढलेला आकडा नवे भय उत्पन्न करतो, त्या भयात घेतलेले दुसरे माप आणखी वर जाते. ज्या गोष्टीचे मोजमाप चालले आहे तीच मोजण्याच्या क्रियेने घडत असते. हे भयाचे काम आहे हे ओळखण्याची खूण यंत्रावरच असते, पण तिच्याकडे सहसा कोणी बघत नाही: रक्तदाबाच्या दोन आकड्यांखाली नाडीचा तिसरा आकडा येतो. सकाळी शांतपणे घेतलेल्या मापात नाडी ७४ आणि दुपारच्या मापात १०२ असेल, तर दाबाबरोबर नाडीही वर गेली आहे, आणि संशयाचा पहिला रोख क्षोभाकडे वळवला पाहिजे. दुसरी खूण अशी की, ठरलेल्या वेळी घेतलेली मापे बेताची आणि मनात आले म्हणून घेतलेली मापे चढलेली, असा भेद कॅलेंडरवर स्वच्छ दिसतो. फक्त दोन प्रकारची मापे वेगळी मांडून बघावी लागतात.

पंधरा मापांनी चारांपेक्षा अधिक ज्ञान मिळायला हवे, असा युक्तिवाद त्याने डॉक्टरांपुढे केला असता, आणि वरवर तो बिनतोड आहे. त्याचे उत्तर हिशेबात आहे. समजा, या माणसाचा वरचा रक्तदाब सरासरीने १३३ आहे आणि सुटी मापे त्याच्या दोन्ही बाजूंना साधारण १० अंकांच्या विचलनाने पसरतात. असा पसारा मुळीच असामान्य नाही. हिशेबाच्या सोईसाठी प्रत्येक माप दुसऱ्यापासून स्वतंत्र धरले, तर शंभरांतील चार-पाच मापे १५०च्या वर जाणार, प्रकृतीत तिळमात्र बिघाड नसताना जाणार. दिवसाला चारच मापे घेणाऱ्याला असा आकडा सहा दिवसांत एखाद्या दिवशी दिसेल. पंधरा मापे घेणाऱ्याला तो जवळजवळ एक दिवसाआड दिसेल. आजार तोच, शरीर तेच. भयाचे प्रसंग मात्र तिपटीने वाढले. शिवाय ही पंधरा मापे दिवसभरात समान अंतराने घेतलेली नाहीत. डोके दुखले, बोलाचाली झाली, भावाची आठवण आली, अशा क्षणी ती घेतलेली आहेत, म्हणजे दाब चढण्याचे प्रसंग निवडून घेतलेली आहेत. अशा मापांची सरासरी काढली तर ती त्याच्या रक्तदाबाची सरासरी होत नाही.

दुकानदाराला हे समजावून देण्यास त्याच्याच वह्या उपयोगी पडतील. तो दर गिऱ्हाइकानंतर गल्ला मोजत नाही. रात्री दुकान वाढवल्यावर रोजकीर्द लिहितो, तीवरून खतावणी होते, आणि धंदा नफ्यात की तोट्यात याचा निवाडा वर्षअखेरच्या ताळेबंदावर करतो. दुपारी तीन वाजता गल्ल्यात केवळ चारशे रुपये आहेत म्हणून दिवाळे निघाले असे कोणताही व्यापारी मानणार नाही. रक्तदाबाने होणारे नुकसानही वर्षानुवर्षांच्या सरासरी भाराने होते. धमन्यांच्या भिंती जाड होतात, हृदयाचा डावा कप्पा श्रमतो, मूत्रपिंडे झिजतात, आणि हे सर्व साचत जाणाऱ्या दाबाचे फळ असते. एका दुपारच्या १७१ने, इतर काही लक्षण नसता, ते होत नाही.

यवतमाळच्या डॉक्टरांनी, आपल्या कथेत, प्रथम कॅलेंडर बघितले नाही. त्यांनी दंड मोजला. दंडाचा घेर भरला ३४ सेंटिमीटर, आणि यंत्राच्या पट्ट्यावर छापलेली मर्यादा होती २२ ते ३२. घरच्या यंत्राला धमनीचा आवाज ऐकू येत नाही. १९०५ साली रशियन शल्यवैद्य कोरोत्कॉव्ह याने जी श्रवणाची रीत सांगितली ती डॉक्टरांच्या नळीची आहे. हे यंत्र पट्ट्यातील हवेत उमटणारी स्पंदने मोजते, ती कोणत्या दाबाला सर्वांत मोठी होतात ते पाहते, आणि त्यावरून वरचा व खालचा आकडा उत्पादकाने बसवून दिलेल्या गणिताने काढते. हवेचा दाब धमनीपर्यंत समान पोचण्यासाठी पट्ट्याच्या आतील फुगणारा भाग दंडाला जवळजवळ वेढून घेणारा हवा. पट्टा अपुरा असला तर धमनी दाबण्यास अधिक हवा भरावी लागते आणि आकडा फुगतो. एका मापाने लहान पट्टा वापरल्यास ही फुगवट सरासरीने ५ अंकांच्या आसपास असते, आणि दंड जसजसा जाड तसतशी ती वाढते. ज्या दुकानदाराच्या तराजूवर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असतो, त्याने आपल्या दंडावरच्या मापाची तपासणी कधीच केलेली नव्हती.

दुसरी चूक बैठकीची. गादीवर मांडी घालून, पाठीला टेका न देता, हात खाली गल्ल्याच्या पेटीवर टेकवून तो मोजत असे. हात हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटिमीटर खाली असला की, केवळ रक्ताच्या स्तंभाच्या वजनाने, माप ७ ते ८ अंकांनी वर येते. यात शरीरशास्त्राचेही कारण लागत नाही, पदार्थविज्ञानाचे पुरते. भरीस भर म्हणून समोर गिऱ्हाईक, तोंडाने चाललेला भाव, आणि लागोपाठच्या दोन मापांत अर्ध्या मिनिटाचीही उसंत नाही.

मग डॉक्टरांनी नियम मुक्रर करून दिला. तो त्यांचा स्वतःचा नव्हे. घरगुती रक्तदाबाविषयीच्या युरोपीय मार्गदर्शनात जवळजवळ असाच नियम आहे. नवा, मोठा पट्टा आणायचा. सात दिवस, सकाळी चहा-तंबाखूच्या आधी व लघवी करून आल्यावर, आणि तसेच रात्री जेवणापूर्वी, पाठीला टेका असलेल्या खुर्चीवर, पाय जमिनीला सपाट टेकवून, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला ठेवून, पाच मिनिटे गप्प बसायचे. मग एका मिनिटाच्या अंतराने दोन मापे, दोन्ही जशी आली तशी लिहायची. पसंत न पडलेला आकडा खोडायचा नाही आणि तो पसंत पडावा म्हणून तिसऱ्यांदा मोजायचे नाही. पहिल्या दिवसाची चार मापे हिशेबातून वगळायची, कारण नवखेपणाची अस्वस्थता त्यांत असते. उरलेल्या चोवीस मापांची सरासरी हेच काय ते उत्तर. मघाच्या १० अंकांच्या विचलनाने बघितले तर एकट्या मापात दहा अंकांची जी डळमळ असते ती या सरासरीत दोनांवर येते.

"अन् मधात कसंकसं झालं तं? मोजू नको म्हन्ता?" हा दुकानदाराचा प्रश्न या कथेतील सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर अनेक डॉक्टर घाईत देत नाहीत. छातीत कळ, धाप, अंगाची एक बाजू लुळी पडणे, बोबडी वळणे, एकाएकी दिसेनासे होणे, असे काही झाले तर यंत्राकडे जायचेच नाही, दवाखान्यात जायचे. कारण हृदयविकाराच्या झटक्यात रक्तदाब साधारण असू शकतो, कधी कमीही असतो, आणि त्या क्षणी १२८/८० हा आकडा पाहून निश्चिंत होणारा माणूस आपल्या हाताने अमूल्य तास गमावतो. ज्या यंत्राने खोटे भय घातले तेच येथे खोटा दिलासा देते, आणि माझ्या मते हा दुसरा अपाय पहिल्याहून घातक आहे. याउलट असे कोणतेही लक्षण नसताना ठरलेल्या वेळच्या मापातच आकडा १८०/११०च्या वर गेला, तर शांत बसून पाच-दहा मिनिटांनी एकदा पुन्हा मोजावे, आणि तो तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. नेहमीच्या गोळीशिवाय जास्तीची गोळी आपल्या मनाने घेऊ नये. दाब झपाट्याने उतरून माणूस घेरी येऊन पडल्याची उदाहरणे वृद्धांत विशेष आढळतात.

येथे एका फसवणुकीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. वर गेलेला आकडा, काहीही न करता, पंधरा-वीस मिनिटांत बहुधा खाली येतोच; जो यदृच्छेने किंवा क्षोभाने टोकाला गेला तो सरासरीकडे परतणारच. त्या पंधरा मिनिटांत ज्याने लसणाची पाकळी चावली त्याला लसणाचा गुण आला असे वाटते, ज्याने लिंबूपाणी घेतले त्याला लिंबाचा, आणि ज्याने शेजाऱ्याची गोळी गिळली त्याला त्या गोळीचा. दिवसाला पंधरा वेळा मोजणाऱ्याला असे पुरावे दररोज मिळतात. वारंवार मोजण्याने अशा रीतीने नुसते भय वाढत नाही, निराधार उपचारांवरील श्रद्धाही दृढ होते, आणि एखाद्या दिवशी खऱ्या औषधाची आवश्यकता निर्माण झाली तर तिच्या वाटेत ही श्रद्धा आडवी येते.

सात दिवसांनी आपल्या दुकानदाराची सरासरी १३३/८३ निघाली. दवाखान्यातील मापासाठी १४०/९० ही जी सीमा बहुतेक ठिकाणी धरतात, तिच्या जागी घरच्या मापासाठी १३५/८५ धरली जाते, कारण घरी माणूस स्वभावतः निवांत असतो. अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञांनी २०१७ साली १३०/८० ही अधिक कडक मर्यादा स्वीकारली. म्हणजे त्या मानाने हा माणूस रोग्यांत मोडतो आणि युरोपीय मानाने मोडत नाही. ही विसंगती लपवण्यात अर्थ नाही. निसर्गाने रक्तदाबाच्या पट्टीवर निरोगी आणि रोगी यांच्यामध्ये रेघ ओढलेली नाही. धोका हळूहळू चढत जातो, आणि उपचाराचा लाभ त्याच्या त्रासाहून कोठे अधिक भरतो याचा अंदाज बांधून माणसे रेघ ओढतात. शिबिरात चढलेला आणि घरी बेताचा, अशा रक्तदाबाला निव्वळ भ्रम म्हणून सोडून देणेही बरोबर नाही. अशा लोकांत पुढे कायमचा उच्च रक्तदाब जडण्याचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आहे. म्हणून डॉक्टरांनी गोळी दिली नाही, पण लोणचे-पापड आणि वरून घ्यायचे मीठ कमी करायला सांगितले, तंबाखू सोडायला सांगितली, रोज चालायला सांगितले, आणि तीन महिन्यांनी पुन्हा एक सप्ताहाची नोंद घेऊन यायला सांगितले. मधल्या काळात यंत्र माडीवरच्या कपाटात.

हा शेवटचा हुकूम पाळणे सर्वांत कठीण गेले, आणि त्यात नवल नाही. मोजल्यावर आकडा बरा आला की क्षणभर सुटका वाटते. त्या सुटकेचीच चटक लागलेली असते, आणि ती चटक पुढच्या शंकेला बळ देते. पहिले काही दिवस न मोजण्याची अस्वस्थता वाढते, मग ती आपोआप उतरते, कारण भय न शमवताही कालांतराने विरते हा अनुभव शरीराला मिळू लागतो. ज्याला हे एकट्याने साधत नाही, ज्याची झोप आणि धंदा यात बुडू लागतो, त्याला मनोविकारतज्ज्ञाची गरज आहे हे निःसंकोचपणे सांगितले पाहिजे. ते हृदयरोगाहून कमी प्रतिष्ठेचे दुखणे नव्हे.

यंत्र फेकून द्या, असा सल्ला देणारे डॉक्टर मला ठाऊक आहेत, आणि त्यांच्याशी मी सहमत नाही. शिस्तीने घेतलेली घरची मापे दवाखान्यातील एकट्या मापापेक्षा पुढील धोक्याचा अंदाज अधिक अचूक देतात, आणि दवाखान्यात बेताचा पण घरी चढलेला असा छुपा रक्तदाब तर घरच्या नोंदीवाचून सहसा हाती लागतच नाही. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून ही यंत्रे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली. वस्तूच्या दर्जावर देखरेख ठेवण्याची तजवीज त्यामुळे झाली, पण ती वापरण्याची रीत सांगण्याचे काम कायदा करीत नाही. ते काम विकणाऱ्याचे, लिहून देणाऱ्याचे आणि भेट पाठवणाऱ्याचे आहे. औषधविक्रेत्याने यंत्र देण्यापूर्वी दंडाला फीत लावून पट्टा निवडावा. डॉक्टरांनी, "घरी मोजत जा" एवढे बोलून न थांबता, किती दिवस, कोणत्या वेळी, आणि केव्हा मोजायचे नाही, हे आपल्या हस्ताक्षरात लिहून द्यावे. आणि पुण्या-मुंबईहून आई-वडिलांना यंत्र पाठवणाऱ्या मुलामुलींनी रोज संध्याकाळी फोनवर "आज किती आला?" असे विचारणे बंद करून, सात दिवसांची सरासरी एकदाच विचारावी.